जांभळा ड्रेस, जो आता जांभळा दिसत नाही

बाईचा दिवसा घालायचा ड्रेस, दोन तुकड्यांत: वर बॉडिस, खाली स्कर्ट
इंग्लंड, साधारण १८६२ ते १८६५. नंतर, बहुतेक १८६८च्या आसपास, उसवून परत शिवलेला
रेशमी टाफेटा, सुती अस्तर, व्हेलच्या तोंडातल्या बलीनच्या काड्या, पितळी हुक, लोकरीची पट्टी
कंबर ६२ सेंमी, स्कर्टचा खालचा घेर ४ मीटर ३० सेंमी
शिवणारीचं आणि घालणारीचं नाव माहीत नाही

पहिल्यांदा बघितल्यावर हा ड्रेस राखाडी-तपकिरी वाटतो, पावसात भिजून वाळलेल्या पुठ्ठ्यासारखा. आता काचेच्या डाव्या बाजूला या आणि कमरेजवळची एक चुणी आम्ही जरा उघडी ठेवलीये तिथे आत डोकावून बघा. तो भडक, जवळजवळ डोळ्यात घुसणारा जांभळा हाच या ड्रेसचा खरा रंग. चुणीच्या आत, शिवणीच्या पोटात, दुमडीखाली जिथं जिथं उजेड पोचला नाही तिथं तिथं तो अजून तसाच आहे.

हा जांभळा फुलापानांतून आलेला नाही. १८५६ साली विल्यम हेन्री पर्किन नावाचा १८ वर्षांचा पोरगा लंडनमध्ये घरातल्या प्रयोगशाळेत मलेरियावरचं क्विनाइन बनवायला बसला होता, क्विनाइन काही झालं नाही, तळाशी काळा गाळ राहिला आणि तो अल्कोहोलने धुताना जांभळा रंग उतरला. कच्चा माल काय, तर डांबर, कोळशापासून गॅस बनवताना उरणारं. तोवर चांगला जांभळा हवा तर दगडफुलासारख्या शैवाकांपासून काढा, नाहीतर निळ्यावर लाल चढवा, आणि फारच पैसे असतील तर समुद्री गोगलगायी. १८५८च्या जानेवारीत व्हिक्टोरिया राणी मुलीच्या लग्नाला याच फिक्या जांभळ्या छटेत आली आणि मग काय, फॅशन सुटलीच. मागोमाग डांबरातले आणखी रंग आले, काही पर्किनच्या रंगापेक्षाही भडक, पण त्यातले बरेच उन्हापुढं टिकेनात. या ड्रेसचा रंग त्याच खानदानातला, आणि टिकला नाही त्या गटातला.

कापड टाफेटा आहे, म्हणजे साधी विण, उभा आणि आडवा धागा एकाआड एक, घट्ट. चालताना याचा खसखस आवाज व्हायचा, आणि तो आवाज लोकांना आवडायचाही. आता मात्र हेच कापड कागदासारखं झालंय. रेशमाची खोड अशी की उजेड, घाम आणि दुमड तिन्ही एकत्र आले की ते विरत नाही, सरळ तडकतं. उजव्या काखेखाली बघा, तीन उभ्या चिरा आहेत आणि त्यांच्याभोवती पिवळट-तपकिरी डाग. तो घाम आहे. तेव्हा असे रेशमी ड्रेस धुवायचे नसतात, डाग काढायचे, पुसायचे, हवा द्यायची, बस. त्यामुळं अंगाचं जे काही होतं ते कापडातच राहिलं.

चिरांमागे दिसणारी पातळ जाळी आमची आहे. रेशमाचंच, अगदी झिरझिरीत कापड घेऊन त्याच रंगाच्या आसपास रंगवलं, चिरेच्या मागे ठेवलं आणि केसाएवढ्या बारीक धाग्याने मोठमोठे आडवे टाके घालून तडकलेले धागे त्यावर बसवले. डिंक किंवा गोंद कुठंही लावला नाही. उद्या कुणाला यापेक्षा चांगली पद्धत सापडली तर आमचे टाके काढता यावेत म्हणून. डाग मात्र काढले नाहीत, काढायला गेलो असतो तर डागासोबत काखही हातात आली असती.

आता शिवण. बॉडिसच्या आत सुती अस्तर, त्यात सात नळ्या शिवलेल्या आणि प्रत्येकीत बलीनची एक काडी. काडीचं काम कंबर आवळायचं नाही, ते आतल्या कॉर्सेटचं, काडी फक्त कापडाला वर गोळा होऊ देत नाही. समोर नऊ हुक. बाहीची शिवण खांद्यावर नाही, दंडावर खाली उतरलेली आहे, म्हणजे घालणारीला हात पूर्ण वर नेता येत नसणार (वरच्या फळीवरचं काढायला घरात दुसरं कुणीतरी होतं असं समजायला हरकत नाही). बाहीच्या जोडावर त्याच कापडाचा बारीक गोट भरलाय, आत दोरी घालून. तो शोभेचा कमी आणि ताण घेणारा जास्त.

बॉडिस सगळा हाताने शिवलाय. स्कर्टच्या लांब उभ्या शिवणींना मात्र मशीनची टीप आहे, एकसारखी, खालून-वरून दोन दोऱ्यांची. सिंगरचं पेटंट १८५१चं, म्हणजे दहा-बारा वर्षांत मशीन शिवणारीच्या हाताखाली आलं होतं पण जिथं अंगावर बसायचा प्रश्न तिथं भरवसा अजून सुईवरच. मशीनवर एकदा शिवलं की उसवणं कटकटीचं, आणि ही बाई उसवणारी होती हे पुढं कळेलच.

स्कर्टखाली स्टीलच्या कड्यांचा पिंजरा असायचा. १८५६च्या सुमारास तो आला, त्याआधी एवढा घेर उभा करायला एकावर एक चार-पाच जाड परकर, काहींत घोड्याचे केस विणलेले, असं ओझं कमरेवर घ्यावं लागे. पिंजऱ्याने बायकांचे पाय मोकळे केले आणि दरवाजे अरुंद केले. खालच्या काठाला आतून लोकरीची पट्टी आहे, रस्त्यावरची घाण आणि झीज तिनं खायची, झिजली की काढून नवी लावायची. ही पट्टी दुसरी असावी, कारण तिच्या टाक्यांशेजारी आधीच्या टाक्यांची भोकं रिकामी आहेत.

भोकांचंच बघायचं तर कंबरेच्या पुढच्या बाजूला खाली वाका. रेशीम सुईचं भोक विसरत नाही. तिथं जुन्या चुण्यांच्या भोकांची एक सबंध रांग आहे पण चुण्या नाहीत. आधी घेर सगळीकडून सारखा होता, घंटेसारखा. १८६०च्या दशकाच्या शेवटी फॅशन बदलली, पुढून सपाट आणि सगळा फुगवटा मागे. मग या बाईने, किंवा तिच्या शिवणारीने, पुढच्या चुण्या उसवल्या, जादा कापड कळीसारखं तिरकं कापून काढलं आणि मागच्या चुण्या दुप्पट दाट करून बसवल्या. कापलेल्या त्या तुकड्यांतूनच बहुतेक मनगटाच्या पट्ट्या झाल्यात, त्या उरलेल्या बाहीपेक्षा कमी उडालेल्या दिसतात. त्या काळात युरोपात रेशीमकिड्यांवर रोग पडला होता, फ्रान्समध्ये तर १८६५ साली पाश्चरला त्यासाठी पाठवलं गेलं. रेशीम तसंही कुणी फेकून देत नव्हतं, तेव्हा तर नाहीच.

उजव्या शिवणीत एक खिसा आहे, बाहेरून अजिबात दिसत नाही, हात घातला तर मनगटापर्यंत जातो. आत साफ करताना थोडी लोकरीची मळी आणि जांभळ्या दोऱ्याचा एक तुकडा निघाला. दोरा उजेडात कधी आलाच नव्हता, त्यामुळं आम्ही रंग त्याच्यावरूनच जुळवला.

इथला उजेड ५० लक्सच्या वर नेत नाही, डोळ्याला सवय व्हायला एक-दोन मिनिटं द्या. फ्लॅश नको. चार महिन्यांनी ड्रेस काढून अंधाऱ्या खोलीत, आडवा, चुण्यांत आम्लरहित कागदाच्या गुंडाळ्या भरून ठेवला जाईल, आणि उघडलेली ती चुणी परत मिटवली जाईल.