ह्याच्यासारखाच शिवा

लालबागमधल्या एका चाळीच्या तळमजल्यावरचं टेलरिंगचं दुकान. श्रावण संपत आलाय, खुंटीला ब्लाउजच्या पिशव्या दाटीने लटकतायत. करी रोडला ऑफिस असलेली, डोंबिवलीला राहणारी एक तरुणी लोकल पकडायच्या घाईत आत येते. हातात पैठणीचा ब्लाउजपीस आणि एक जुना ब्लाउज.

ताई : काकू, हा पीस आणि हा मापाचा ब्लाउज. अगदी ह्याच्यासारखाच शिवा. गौरीला नेसायचीय. ठेवून जाऊ ना?

काकू : थांब जरा, बस. ह्याच्यासारखा म्हणजे मापाला, की दिसायला?

ताई : मापाला. दिसायला हा बघा, फोनमध्ये फोटो आहे. असा गळा आणि अशी बाही.

काकू : म्हणजे दोन ‘ह्याच्यासारखा’ झाले. दाखव. हा बोट नेक आहे, बाही पाऊण, हुक मागे. आणि तू आणलायस त्याला पुढचा गळा सात इंच, बाही सहा इंच, हुक पुढे. मग ह्यातलं नेमकं काय घेऊ मी?

ताई : फिटिंग, काकू. बाकी सगळं फोटोतलं.

काकू : बरं, फिटिंग बघू. (ब्लाउज टेबलावर पसरून हुक लावतात, काखेतून काखेपर्यंत टेप धरतात.) साडेसतरा. दुप्पट पस्तीस. हा कधी शिवलास?

ताई : लग्नाच्या आधी. चार-पाच वर्षं झाली.

काकू : आणि आता घालतेस?

ताई : घालते की. मध्ये थोडा उसवून घेतला होता, बाळ झाल्यावर.

काकू : तेच म्हणते. (ब्लाउज उलटा करतात.) ही बघ जुन्या शिलाईची रेघ. आत जेवढी माया होती तेवढी सोडून झालीये, आता दोराभरही नाही. हुकाची पट्टीसुद्धा सरकवलीये. एवढं करून पस्तीस. काखेत ओढतो का?

ताई : हात वर केला की ओढतो. पण कॉटन आहे ना, चालून जातं.

काकू : कॉटन धुऊन धुऊन सैल झालंय, अंगाला सवय झालीये त्याची. रेशीम असं ऐकत नाही. आणि ह्याला अस्तर नाही. पैठणीला मी अस्तर घालणार म्हणजे आत अजून एक थर आला. हेच माप पैठणीला लावलं तर हुक लावताना तुझा श्वास अडकेल. उभी राहा, टेप लावते.

ताई : काकू, सहा-बाराची लोकल आहे…

काकू : पाच मिनिटं लागतील. नाहीतर गौरीच्या आदल्या दिवशी तू इथे रडत येशील आणि गणपतीच्या गर्दीत तुला चिंचपोकळीच्या पुलावरून निघता येणार नाही. दुपट्टा काढ. आत्ता आत जी घातलीयेस, गौरीला तीच घालणार?

ताई : म्हणजे?

काकू : ब्रा गं. तिच्यावर छातीचं माप आणि टक्सची जागा ठरते. तू सैल घालून माप दिलंस आणि त्या दिवशी घट्ट घातलीस, तर टक्सचं टोक एकीकडे आणि तू दुसरीकडे.

ताई : हीच घालणार. फीडिंगची आहे. बाळ आठ महिन्यांचंय, अजून अंगावर पितं.

(इथे काकू टेप खाली ठेवतात. दुकानात शिरल्यापासून ह्या बाईने सांगितलेली सगळ्यात कामाची गोष्ट हीच, आणि ती विचारल्याशिवाय बाहेर आली नाही. गिऱ्हाईक काही लपवत नसतं. स्वतःला रोज माहीत असलेली गोष्ट सांगायची असते हेच त्याच्या लक्षात येत नाही.)

काकू : आणि फोटोत हुक मागे आहेत. दिवसभर सासरी गौरीचं जेवण, पाहुणे, हळदीकुंकू. बाळ रडलं तर कुणाला बोलावणार, मागचे हुक काढ म्हणून?

ताई : अय्या! हे डोक्यातच आलं नाही. मग बोट नेक होणारच नाही?

काकू : होतो. पुढे हुक घेऊन प्रिन्सेस कटमध्ये करते. मधली पट्टी गळ्यापर्यंत येईल, फोटोसारखं पुढून एकसंध दिसणार नाही. पदर आला की झाकली जाईल. चालेल?

ताई : चालेल, चालेल. पुढेच घ्या.

काकू : हात सरळ सोड. श्वास आत ओढू नकोस, नेहमीसारखी उभी राहा. छाती सदतीस. बघ, तुझ्या मापाच्या ब्लाउजात आणि तुझ्यात दोन इंचांचा फरक. छातीखाली बत्तीस. उंची खांद्यापासून साडेचौदा. आता शोल्डर. हे तर तुझ्या ब्लाउजातून मला मिळालंच नसतं.

ताई : का? खांदा आहे की त्याला.

काकू : त्याला गळा मोठा, म्हणून खांद्याची अडीच इंचांची पट्टी उरलीये. बोट नेकला ह्या हाडापासून त्या हाडापर्यंत पूर्ण माप लागतं. साडेचौदा. त्या पट्टीवरून अंदाज धरला असता तर बाही दंडावर उतरली असती. मुंढा साडेसोळा. दंड तेरा. मागचा गळा किती?

ताई : मागे ह्याच्यासारखाच.

काकू : पुन्हा तेच! ह्याचा मागचा गळा नऊ इंच आहे. पुढे रुंद बोट नेक आणि मागे नऊ इंच खोल, तर खांद्याला धरायला काही राहत नाही. सारखा घसरतो. मग मागे नाडी लावावी लागेल.

ताई : मग नाडी लावा, लटकनवाली. छान दिसते.

काकू : बाळ कडेवर असणार ना? लटकन पहिलं त्याच्या तोंडात जाईल.

ताई : (हसत) जाईलच. मग नाडी नको. किती ठेवू मागे?

काकू : पाच ठेव. पाठ दिसते आणि खांदा जागेवर राहतो. पुढे साडेतीन, मानेच्या खळग्यापासून. हाताने दाखव, इथे ना?

ताई : थोडं वर. मंगळसूत्राची वाटी ब्लाउजच्या कापडावर आली पाहिजे.

काकू : मग तीन. हे बरं सांगितलंस. आता बाही. फोटोतली पंधरा इंचांची आहे. पीस उलगड बघू. लांबीला ऐंशी सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेएकतीस इंच. पन्हा चव्वेचाळीस. दोन्ही कडांना काठ.

ताई : पुरेल ना?

काकू : तूच हिशोब कर. बाहीला काठ हवा म्हणजे बाही पन्ह्यातच आडवी बसणार. पुढचा भाग दाबासकट सोळा इंच, मागचा सोळा. झाले बत्तीस. चव्वेचाळीसमधून उरले बारा. त्या बारात पंधराची बाही कशी काढू?

ताई : जोड देऊन?

काकू : पैठणीच्या बाहीला मधे जोड? मी देणार नाही, तूही नको म्हण. कोपरापर्यंत घे, दहा इंच. दुमड आणि दाब धरून साडेअकरा, नेमकी बसते. दंडापाशी माया धरून एका बाहीला पंधरा लागतात, दोघींना तीस. काठ साडेएकतीस आहे. पुरतो, पण कापताना हात चुकून चालणार नाही. आणि पलीकडच्या काठावर मागचा भाग धरला तर पाठीला खाली काठ येईल. चालेल?

ताई : पाठीला काठ! ते तर फोटोतही नाही. घ्या घ्या. बाही कोपरापर्यंतच.

काकू : दुकानात तुला सांगितलं असेल, ‘पीसात सगळं बसतं’.

ताई : तसंच सांगितलं.

काकू : साध्या बाहीच्या ब्लाउजला बसतं. बाही वाढवली, काठाचा हट्ट धरला, की बसत नाही. असो. आता सांग, आत माया किती ठेवू? बाळाचं दूध सुटलं की तू थोडी उतरशील.

ताई : मग आत्ता थोडा घट्टच शिवा ना, पुढे कामाला येईल.

काकू : नाही गं, गौरीला श्वास घेता यायला हवा. आत्ताच्या अंगाला शिवते. पुढे आत घेता येतो, त्यात कापड जात नाही. रेशमाची भीती उलटी असते. उसवून मोठं करायला गेलं की जुन्या सुईची भोकं बाहेर दिसतात. ह्या कॉटनला ती मुरून गेली, पैठणीवर ओळीने राहतील. म्हणून दोन्ही बाजूंना पाऊण-पाऊण इंच माया ठेवते, पण ती वापरायची वेळ येऊ नये असं बघते. तुला एक ट्रायल द्यावी लागेल.

ताई : ट्रायलला पुन्हा यायचं?

काकू : करी रोडलाच ऑफिस ना? मग जेवणाच्या सुट्टीत ये, गुरुवारी. अस्तर आधी पाण्यातून काढून, वाळवून, कच्च्या टाक्यांवर जोडून ठेवते. ते तू घालून बघायचं, बाळाला घेतेस तसे हात वर-पुढे करून. तुला पटलं की मगच पैठणीला कात्री लावेन. त्याच्या आधी नाही.

ताई : हे बरंय. मी उगाच घाबरत होते, आईने दिलेली पैठणी आहे.

काकू : मग हे पहिलं सांगायचं. जरीचा काठ मशीनखाली जातो तेव्हा कागद घालून शिवते मी, दातांनी ओढला जाऊ नये म्हणून. आता वहीत लिहिलंय ते वाचते, नीट ऐक, नंतर ‘मी असं म्हटलं नव्हतं’ नको. पैठणी, अस्तरासकट, प्रिन्सेस कट, बोट नेक. पुढचा गळा तीन, मागचा पाच. छाती सदतीस, खाली बत्तीस, उंची साडेचौदा. शोल्डर साडेचौदा, मुंढा साडेसोळा, दंड तेरा. बाही दहा, काठ खाली. पाठीला काठ. हुक पुढे. नाडी नाही, पॅड नाही.

ताई : पॅडबद्दल विचारलंच नाहीत!

काकू : फीडिंगची ब्रा म्हणालीस, म्हणून नाही असं लिहिलं. हवेत का?

ताई : नकोत. पण हुक जरा मोठे लावा, एका हाताने निघाले पाहिजेत. दुसऱ्या हातात तो असतो.

काकू : (लिहितात) हुक मोठे, पाच. सगळ्यात वरचं टिचबटण करते, ते झटकन निघतं. शिलाई अस्तर धरून साडेनऊशे. तीनशे आत्ता दे.

ताई : घ्या. आणि हा जुना ब्लाउज नेऊ ना परत?

काकू : ने. आणि त्या फोटोचं काय, मला पाठव. गळ्याचा आकार कडेला कसा वळवलाय तेवढं त्यात बघायचंय. बाकीचं तुझ्याकडून मिळालं.

ताई : पाठवते. गुरुवारी दीडला येते. डिलिव्हरी?

काकू : गणपती बसायच्या चार दिवस आधी ने. एकदा बाप्पा आले की ह्या गल्लीतून मलाच बाहेर पडता येत नाही. पळ आता, सहा-बारा गेली तर पुढची मिळेल.