विषय : टाइल अ‍ॅडहेसिव्हच्या जागी समकक्ष उत्पादन वापरण्यास मंजुरी मिळणेबाबत

दिनांक : ११ एप्रिल २०२५
स्थळ : जळगाव

प्रति,
वास्तुविशारद व प्रकल्प सल्लागार,
मुलींचे वसतिगृह (तळमजला + ३), जळगाव

संदर्भ : निविदेतील फरशी व टाइलकामाच्या बाबी, करारातील समकक्ष साहित्याचे कलम

महोदय,

करारात टाइलसाठी सी२टीई एस१ वर्गाचा अ‍ॅडहेसिव्ह मागितला आहे आणि त्यापुढे एका ब्रँडचे नाव देऊन 'किंवा समकक्ष' असे लिहिले आहे. त्या ब्रँडचा माल (यापुढे 'मूळ') सहा आठवडे मिळणार नाही, असे वितरकाने लेखी कळवले आहे. एवढे थांबलो तर खोल्यांची फरशी मे अखेरीस सुरू होईल आणि जूनमध्ये वसतिगृहाचा ताबा देता येणार नाही. म्हणून त्याच वर्गाच्या दुसऱ्या उत्पादनास (यापुढे 'पर्याय') मंजुरी मागत आहोत. त्याचा साठा भुसावळच्या गोदामात आहे आणि मागणीनंतर तीन दिवसांत साइटवर पोहोचतो. दोन्ही उत्पादनांची पूर्ण नावे, माहितीपत्रके आणि पर्यायाच्या गोण्यांचे बॅच क्रमांक सोबतच्या जोडपत्रात आहेत.

ही मागणी सरसकट नाही. ती पुढील कामांपुरतीच आहे : स्नानगृह व शौचालयांच्या भिंती, ३०० × ६०० मिमी सिरॅमिक, १,२४० चौ. मी.; खोल्या व कॉरिडॉरची फरशी, ६०० × ६०० मिमी व्हिट्रिफाइड, २,१५० चौ. मी.; स्वच्छतागृहांची घसरणरोधी फरशी, ३१० चौ. मी. एकूण ३,७०० चौ. मी. पश्चिमेकडील बाहेरचे क्लॅडिंग (१८० चौ. मी.) आणि प्रवेशदालनातील ८०० × १६०० मिमीच्या मोठ्या टाइल (९५ चौ. मी.) यांसाठी मूळच वापरू. त्यासाठी लागणाऱ्या गोण्या आमच्याकडे आहेत. ही दोन कामे वगळण्याचे कारण तक्त्यात लवचिकतेच्या ओळीत दिसेल.

तुलना

| गुणधर्म | वर्गाची अट | मूळ | पर्याय |
|---|---|---|---|
| सुरुवातीची ताण-चिकटशक्ती (न्यू./चौ. मिमी) | किमान १.० | १.९ | १.७ |
| पाण्यात बुडवल्यानंतर | किमान १.० | १.३ | १.२ |
| ७० अंश सें. उष्णतेनंतर | किमान १.० | १.५ | १.४ |
| गोठण-वितळण चक्रांनंतर | किमान १.० | १.२ | १.१ |
| ओपन टाइम, ३० मिनिटांनंतरची चिकटशक्ती | किमान ०.५ | ०.८ | ०.९ |
| उभ्या भिंतीवर टाइल सरकणे (मिमी) | कमाल ०.५ | ०.२ | ०.३ |
| लवचिकता, आडवे वाकणे (मिमी) | २.५ किंवा अधिक, ५ पेक्षा कमी | ३.४ | २.७ |
| २० किलो गोणीस पाणी (लिटर) | – | ५.० | ५.४ |
| घमेल्यातील आयुष्य, २३ अंशांना | – | ३ तास | २ तास |
| साठवण मुदत | – | १२ महिने | ९ महिने |
| प्रत्यक्ष खप, १० मिमी खाचेची थापी (किलो/चौ. मी.) | – | ४.६ | ४.९ |
| गोणीचा दर, जीएसटी वगळून | – | ७८० रु. | ६९० रु. |

तक्ता वाचताना एक गोष्ट लक्षात घ्यावी. पहिल्या सात ओळींत मूळचे आकडे उत्पादकाच्या माहितीपत्रकातले आहेत, तर पर्यायाचे आकडे स्वतंत्र प्रयोगशाळेच्या अहवालातले. त्यासाठीची गोणी आपल्या साइट अभियंत्यांसमोर १२ फेब्रुवारी रोजी गोदामातून उचलून सीलबंद केली होती. अहवाल ८ एप्रिलचा आहे. त्यामुळे १.९ आणि १.७ यांतला फरक किती खरा, हे कागदावरून ठरत नाही. ते ठरवायला आम्ही दोन्ही उत्पादने एकाच भिंतीवर लावून पाहिली. त्याबद्दल खाली लिहिले आहे. गोठण-वितळणाची ओळ खानदेशात निरुपयोगी आहे. वर्गाची अट म्हणून तेवढी दिली.

लवचिकतेत पर्याय उघडच कमी पडतो. २.७ मिमी म्हणजे एस१ ची अट जेमतेम ओलांडली. आतल्या फरशीला आणि लहान टाइलला तेवढे पुरते. पण पश्चिमेची भिंत मे महिन्यात दुपारभर तापते आणि रात्री निवते, तिथे टाइल व भिंत वेगवेगळ्या मापाने फुगतात-आकसतात. मोठ्या टाइलमध्ये तोच ताण कडेला साचतो. म्हणून ती दोन कामे मागणीतून वगळली.

साइटवरची पुल-ऑफ चाचणी

आमच्या मते निर्णय या भागावर व्हावा. प्रयोगशाळेत २३ अंश तापमान आणि स्थिर हवा असते. जळगावच्या उन्हाळी दुपारी तसे काही नसते. कोरड्या झळा लागल्या की थापीने पसरलेल्या अ‍ॅडहेसिव्हवर काही मिनिटांत साय धरते. वरून ओला दिसतो, पण बोट लावले तर काही लागत नाही. अशा सायीवर टाइल दाबली की खाचांच्या रेघा तशाच उभ्या राहतात आणि टाइलची पाठ कोरडी सुटते. कारागीर तेव्हा म्हणतो, "बसली साहेब", आणि वर्षभराने ती टाइल ठोकल्यावर पोकळ वाजते.

चाचणी लिफ्टच्या आरसीसी भिंतीवर घेतली, प्लास्टरवर मुद्दाम घेतली नाही. प्लास्टरवर ओढले तर बहुधा प्लास्टरच सुटते. आमच्याकडे ते ०.६ च्या आसपास सुटले, आणि तो आकडा अ‍ॅडहेसिव्हचा नव्हे. १२ मार्च रोजी दुपारी अडीच वाजता, भिंतीचे तापमान ३८ अंश असताना, दोन्ही उत्पादने शेजारी शेजारी पसरली. काही टाइल १० मिनिटांनी लावल्या, काही २० मिनिटांनी. २८ दिवसांनी, ९ एप्रिल रोजी, ५० × ५० मिमीची लोखंडी चकती इपॉक्सीने चिकटवली, भोवती ग्राइंडरने आरसीसीपर्यंत काप घेतला आणि सावकाश ओढले. चकतीचे क्षेत्र २,५०० चौ. मिमी असल्याने यंत्रावरचे २.५ किलोन्यूटन म्हणजे १.० न्यू./चौ. मिमी.

| स्थिती | उत्पादन | पाच वाचने (न्यू./चौ. मिमी) | सरासरी |
|---|---|---|---|
| १० मिनिटांनी | मूळ | १.४, १.५, १.३, १.६, १.२ | १.४० |
| १० मिनिटांनी | पर्याय | १.३, १.२, १.४, १.१, १.३ | १.२६ |
| २० मिनिटांनी | मूळ | ०.७, ०.८, ०.६, ०.९, ०.५ | ०.७० |
| २० मिनिटांनी | पर्याय | ०.८, ०.९, ०.७, ०.६, ०.९ | ०.७८ |

एकही वाचन वगळलेले नाही. २० मिनिटांच्या गटात पर्यायाच्या ०.६ वाल्या टाइलची पाठ जवळपास अर्धी कोरी होती, मूळच्या ०.५ वालीचीही तीच गत. म्हणजे आपल्या उन्हात वीस मिनिटांत मूळची ताकद निम्मी होते आणि पर्यायाची जवळपास चाळीस टक्के घटते. ३० मिनिटांचा ओपन टाइम गोणीवर छापलेला असतो, पण दुपारच्या भिंतीवर तो कुणालाच लाभत नाही. ब्रँड कोणताही ठेवा, कामाची वेळ न पाळल्यास टाइल सुटणारच.

वॉटरप्रूफिंगच्या थरावरही वेगळी चाचणी घेतली, कारण स्वच्छतागृहांत टाइल त्याच थरावर बसतात. पर्यायाची सरासरी ०.९ आली आणि प्रत्येक वेळी थर स्वतःच फाटला. चिकटलेला जोड सुटला नाही.

खर्च

गोणीमागे ९० रुपये वाचतात असे वाटते, पण पर्यायाचा खप जास्त आहे. दोन्हींनी प्रत्येकी १२ चौ. मी. फरशी बसवून, वापरलेली पावडर तोलून खप काढला. त्यानुसार चौरस मीटरमागे मूळला १७९.४० आणि पर्यायाला १६९.०५ रुपये, फरक १०.३५ रुपये. गोण्या ८५१ विरुद्ध ९०७. रक्कम ६,६३,७८० विरुद्ध ६,२५,८३०. फरक ३७,९५० रुपये, जो पूर्णपणे बिलातून वजा करू. हिशोब फरशीच्या खपाने केला आहे. भिंतीला ६ मिमी खाच लागते, म्हणून बचत यापेक्षा थोडी कमीच होईल. अंतिम वजावट प्रत्यक्ष गोण्यांवर ठरवावी. बचत हे या मागणीचे कारण नाही.

मंजुरी मिळाल्यास काम असे होईल

पर्यायाला गोणीमागे ०.४ लिटर पाणी जास्त लागते. हात मूळला सरावलेला असल्याने कारागीर पाच लिटरच ओततील, मिश्रण घट्ट होईल आणि टाइलची पाठ ओली होणार नाही. म्हणून प्रत्येक बादलीवर ५.४ ची रंगीत खूण केली जाईल आणि मिक्सिंग फक्त ड्रिल-मिक्सरनेच होईल. मिश्रण पाच मिनिटे ठेवून पुन्हा एकदा फिरवायचे. पाणी गच्चीवरच्या काळ्या टाकीचे नाही, सावलीतल्या पिंपाचे. पत्रकावर दोन तास लिहिले असले तरी एकदा कालवलेले घमेले एक तासानंतर फेकायचे. सुकायला लागलेल्यात पाणी घालून पुन्हा चालवणे हीच आमच्याकडे नेहमीची चूक होते, आणि त्यावर आमचा सुपरवायझर लक्ष ठेवेल.

एका वेळी १ चौ. मी. पेक्षा जास्त पसरायचे नाही. टाइल दहा मिनिटांत लागली पाहिजे. शंका आली तर बोट लावून पाहायचे, चिकटले नाही तर खरवडून टाकायचे. भिंत व फरशी आधी ओलसर करायची, पण पाणी साचू द्यायचे नाही. खिडक्यांना हिरवी जाळी. काम सकाळी ६ ते ११ आणि संध्याकाळी ५ नंतर. व्हिट्रिफाइड टाइलच्या पाठीवर भट्टीची पांढरी भुकटी असते, ती ओल्या स्पंजने पुसल्याशिवाय एकही टाइल लागणार नाही. अ‍ॅडहेसिव्हचे गोळे चार कोपऱ्यांत व मध्ये ठेवून टाइल बसवणे या साइटवर बंद. रोज सकाळच्या पहिल्या वीस टाइलपैकी एक उचलून पाठ दाखवली जाईल. ओल्या जागी ९५ टक्के आणि कोरड्या जागी ८५ टक्क्यांपेक्षा कमी भरली असेल तर त्या दिवसाचे काम थांबवण्याचा अधिकार आपल्या साइट अभियंत्यांना राहील. साठवण मुदत ९ महिन्यांची असल्याने सहा महिन्यांपेक्षा जुनी गोणी घेणार नाही.

पर्यायाच्या उत्पादकाने या प्रकल्पासाठी दिलेले दहा वर्षांचे हमीपत्र सोबत आहे. करारातली अट तेवढीच आहे. दोषदायित्वाच्या दोन वर्षांत पर्यायाच्या कारणाने टाइल सुटल्यास टाइल, अ‍ॅडहेसिव्ह आणि मजुरीसह आम्ही स्वखर्चाने बदलून देऊ. या बदलासाठी मुदतवाढ वा जादा रक्कम मागणार नाही.

मालाची मागणी २२ एप्रिलला नोंदवायची आहे, तेव्हा कृपया २१ एप्रिलपर्यंत लेखी निर्णय द्यावा. मंजुरी फक्त भिंतींपुरती किंवा फक्त फरशीपुरती द्यायची असेल तर तसेही चालेल. गोण्यांची संख्या त्याप्रमाणे बदलू. चाचणीची भिंत व काढलेल्या टाइल तशाच ठेवल्या आहेत, कोणत्याही दिवशी येऊन पाहता येतील.

आपला विश्वासू,
प्रकल्प व्यवस्थापक,
फरशी व टाइलकाम ठेकेदार, जळगाव

सोबत : दोन्ही माहितीपत्रके, प्रयोगशाळेचा अहवाल, पुल-ऑफ वाचनांची साइट नोंदवही (अभियंत्यांच्या सहीसह), वितरकाचे पत्र, हमीपत्र, पर्यायाची एक सीलबंद नमुना गोणी.