मृत्यू आढावा बैठक: मण्यार दंश, स्त्री, वय 34

सर, मॅडम, सिस्टर, ब्रदर, फार्मसीतले आणि रुग्णवाहिकेवरचे सहकारी, नमस्कार.

ही केस मांडताना मी रुग्णाचं नाव घेणार नाही आणि आपल्यापैकीही कुणाचं घेणार नाही. ‘रात्रपाळीचे डॉक्टर’, ‘वॉर्डातल्या सिस्टर’ एवढंच म्हणेन. केसचा शेवट आज आपल्याला ठाऊक आहे, त्या पहाटे तो कुणालाच ठाऊक नव्हता. म्हणून प्रत्येक टप्प्यावर मी एवढंच बघणार आहे, की त्या क्षणी समोर काय दिसत होतं आणि हाताशी काय होतं.

रुग्ण शेतकरी कुटुंबातली, आधीचा आजार नाही. सोयाबीनची खुरपणी चालू असल्यामुळे सगळे आखाड्यावर मुक्कामाला होते, अंथरूण जमिनीवर. पहाटे साडेतीनच्या सुमाराला पोटात कळ आली, उलटी झाली. 5:15 ला जीपमधून कॅज्युअल्टीत आणलं. नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन नॉर्मल. अंगावर दंशाची खूण नाही, सूज नाही. आदल्या दिवशी गावात पंगत झाली होती आणि त्याच पंगतीला जेवलेले दोघं त्याच रात्री उलट्या-जुलाबाने आपल्याकडे भरती होते. तेव्हा गॅस्ट्रोचं निदान झालं, सलाईन आणि इंजेक्शन सुरू झालं. तेवढ्या माहितीवर या खोलीतल्या बहुतेकांनी हेच निदान केलं असतं. ‘रात्री जमिनीवर झोपला होता का?’ हा प्रश्न आपल्या केसपेपरवर कुठेच नाही.

6:50 ला मुलगा म्हणाला, “आईचे डोळे उघडंनात.” सिस्टरनी पापण्या बघितल्या, वेळेसह नोंद केली आणि लगेच डॉक्टरांना बोलावलं. ही नोंद नसती तर आज आपल्याला काहीच कळलं नसतं.

इथून पुढचा दीड तास मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सर्पदंशाची शंका आली आणि भिंतीवरच्या तक्त्याप्रमाणे 20 मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी लावली. 7:15 ला रक्त गोठलं होतं. तक्त्यावर पुढे लिहिलंय, ‘रक्त गोठल्यास निरीक्षण.’ घोणस आणि फुरशासाठी ही चाचणी उपयोगाची आहे. मण्यारीचं विष मज्जातंतू आणि स्नायू जिथे जोडले जातात तिथे काम करतं, त्यात रक्त गोठतंच. म्हणजे तक्ता पाळला गेला आणि तक्त्यानेच थांबवलं. पापण्या, मान उचलता येणं, एका श्वासात किती आकडे मोजता येतात, यातलं काहीच त्यावर नाही.

8 ला पाळी बदलली. निरोप तोंडी दिला गेला, त्याच वेळी दारात अपघाताचे तीन रुग्ण आले. 8:25 ला मान उचलता येईना, एका श्वासात नऊपर्यंतच मोजता आलं. एएसव्हीचा निर्णय तत्काळ झाला. कॅज्युअल्टीच्या फ्रीजमध्ये चार व्हायल होत्या, बाकीच्या फार्मसीत, आणि किल्ली फार्मसिस्ट येईपर्यंत मिळत नाही. दहा व्हायल पूर्ण जायला 9:40 झाले. निओस्टिग्मिन दिलं, फरक पडला नाही. मण्यारीत बऱ्याचदा पडत नाही, आणि विषाने एकदा मज्जातंतूंची टोकं निकामी केली की एएसव्हीही ते लगेच परतवत नाही. अशा वेळी रुग्णाला जगवतो तो कृत्रिम श्वास.

व्हेंटिलेटरचा बेड शोधायला पन्नास मिनिटं फोन चालले. 10:30 ला 108 निघाली, तेव्हा ऑक्सिजन 95 टक्के होता. तो आकडा दिलासा देणारा दिसतो, पण श्वासाचे स्नायू थकत असताना तो शेवटी घसरतो. इंट्युबेशन करूनच पाठवायचं की नाही, याचा लिखित नियम आपल्याकडे नाही. घाटात 11:05 ला श्वास थांबला. रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांनी अँबू बॅगने श्वास देणं थांबवलं नाही. वैद्यकीय महाविद्यालयात पोचताना नाडी नव्हती. 12:05 ला मृत्यू घोषित झाला.

माझे प्रस्ताव असे. तक्ता बदलून पापण्या आणि श्वासाची तपासणी सगळ्यात वर घ्यावी, या आठवड्यातच. पावसाळ्यात पहाटे पोटदुखीने आलेल्या प्रत्येकाला झोपायच्या जागेबद्दल विचारावं आणि पापण्या दर अर्ध्या तासाने बघाव्यात. कॅज्युअल्टीत किमान वीस व्हायल राहाव्यात, फार्मसीची दुसरी किल्ली ड्युटीवरच्या सिस्टरकडे असावी. मान उचलता येत नसेल तर भूलतज्ज्ञांना बोलावून श्वासनलिकेत नळी घातल्याशिवाय रुग्ण हलवू नये. बेडसाठीचे फोन उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी करू नयेत, ते काम कार्यालयाने उचलावं. यातला किल्लीचा आणि फोनचा निर्णय अधीक्षक सरांनी आजच द्यावा, ही विनंती.

कुटुंबाला वैद्यकीय अधिकाऱ्यांनी एकदा भेटून हा घटनाक्रम साध्या शब्दांत सांगावा, असंही मला वाटतं. मुलाने सांगितलेलं आपण लगेच ऐकलं, हे त्याला कळायला हवं.

आता चर्चा. आधी रात्रपाळीच्या सिस्टर आणि डॉक्टर बोलतील, मग फार्मसी आणि 108 चे सहकारी, वरिष्ठ शेवटी. तक्त्याची प्रत प्रत्येकाच्या हातात आहे. पहिला प्रश्न हा, की 7:15 नंतर वेगळं पाऊल उचलायला आणखी काय हाताशी असायला हवं होतं?