आजच्यासाठी खूप सॉरी, आणि रविवारचं विचारायचंय

ऐक ना, झोपला असशील तर सकाळी वाच, घाई नाहीये. मेसेज मोठा होणारे कारण संध्याकाळी जो एका ओळीचा पाठवला तो फारच छोटा होता.

आधी सॉरी. मनापासून सॉरी. भेटणं रद्द झालं त्याचं वाईट वाटतंच आहे, पण त्याहून जास्त वाईट याचं वाटतंय की सहा वाजून दहा मिनिटांनी मी तुला नुसतं "आज नाही जमणार, सॉरी" एवढं लिहिलं आणि मग तीन तास गायब झाले. तू तेव्हा निघालेला होतास हे मला माहीत होतं, तूच पावणेसहाला लिहिलं होतंस निघतोय म्हणून. आणि नंतर फोन हातात घेतला तेव्हा तुझे दोन मिस्ड कॉल, आणि खाली "ठीक आहे, काळजी घे". ते मी चार वेळा वाचलं. मागच्या भेटीत तू सांगितलं होतंस की कोणी उशिरा आलं तर काही वाटत नाही, पण कळवत नाहीत ना, त्याने फार त्रास होतो. आणि मी नेमकं तेच केलं. हे डोक्यातून जातच नाहीये.

झालं काय ते सांगते. बाबांना डायबेटीस आहे हे तुला बोललेले, इन्सुलिन घेतात. आई मावशीकडे गेलीये दोन दिवस, त्यामुळे घरी मी आणि बाबाच. दुपारी त्यांनी इन्सुलिन नेहमीएवढंच घेतलं पण जेवले अर्धंच, भूक नाही म्हणाले, आणि मी पण ऑफिसच्या कॉलवर होते त्यामुळे मागे लागले नाही. त्यात वर बाबा चार वाजता खाली चक्कर मारून आले. मी सहाच्या सुमारास आवरत होते, एक कानातलं घातलं होतं आणि दुसरं हातात होतं, बाहेर येऊन विचारलं की बाबा ही ओढणी बरी दिसते का, तर ते माझ्याकडे बघत होते पण ओळखत नसल्यासारखे. शर्ट घामाने पूर्ण भिजलेला, हात थरथरत होते, आणि मला म्हणाले "शाळा सुटली का?". मी आयुष्यात एवढी घाबरले नव्हते रे.

मीटर काढला, पहिली स्ट्रिप उलटी घातली, दुसरी नीट गेली, 52 आलं. 70 च्या खाली गेलं की लगेच साखर द्यायची आणि पंधरा मिनिटांनी परत तपासायचं हे आईने मला शंभर वेळा शिकवलंय, पण प्रत्यक्षात करायची वेळ आज पहिल्यांदा आली. पाण्यात साखर घालून दिली, ग्लास मीच धरला कारण त्यांच्या हातात राहत नव्हता. नशीब की गिळत होते नीट, नाहीतर तोंडात काही द्यायचंच नसतं, थेट दवाखाना. पंधरा मिनिटांनी 66. त्या पंधरा मिनिटांत तुला तो मेसेज टाकला, एका हाताने, दुसऱ्या हातात त्यांचं मनगट होतं. परत साखर दिली, मग 97 आली आणि तेव्हा कुठे मला नावाने हाक मारली त्यांनी.

पुढे डॉक्टरांना फोन, त्यांच्याशी बोलून बाबांना जेवायला घातलं, आईला कळवलं, तिला शांत केलं (ती रात्रीच निघत होती, कशीबशी थांबवली). डॉक्टर म्हणाले आज रात्री एकटं सोडू नका, झोपताना आणि मध्यरात्री तपासा. या सगळ्यात फोन आतल्या खोलीत सायलेंटवर पडून होता. पण खरं सांगायचं तर साडेसातनंतर बाबा बरे होते, मला तुला एक फोन करता आला असता, दोन मिनिटांचा. मी नुसती त्यांच्या शेजारी बसून राहिले, काही सुचतच नव्हतं. बाबांची तब्येत हे न येण्याचं कारण आहे, तुला न कळवण्याचं नाही. तेवढी चूक माझी आहे.

तू आत गेलास का नाटकाला? गेला असशील तर बरं वाटेल मला, आणि नसशील गेला तर ते अजून एक सॉरी. तू कडेच्या सीट मुद्दाम घेतल्या होत्यास, पाय नीट ठेवता येतात म्हणून, हे मला लक्षात आहे. माझ्या तिकिटाचे पैसे मी आत्ताच पाठवतेय, प्लीज परत पाठवू नकोस.

आता पुढचं. मला तुला भेटायचंय, हे स्पष्ट लिहिते कारण त्या एका ओळीवरून तुला वाटू शकतं की मी टाळतेय. अजिबात नाही. मी आठवडाभर आजची वाट बघत होते.

आई उद्या संध्याकाळी येतेय, म्हणजे रविवारी बाबांसोबत ती असेल. तर रविवारी सकाळी नऊला भेटूया का, तुझ्या घराजवळच्या त्या बागेत, जिथे तू पळायला जातोस? या वेळी तुला कुठे लांब यायला लागू नये असं मला वाटतं, मी येते तुझ्याकडे. पावणेनऊलाच येऊन बसेन मी गेटच्या आतल्या पहिल्या बाकावर. काही ठरवायचं नाही, नुसतं चालू, बोलू, तुला तुझ्या बहिणीच्या त्या इंटरव्ह्यूचं काय झालं ते पण सांगायचंय ना. अकरापर्यंत मी मोकळी आहे.

आणि नाटकाचा पुढचा प्रयोग पुढच्या शनिवारी संध्याकाळी आहे, मी आत्ता बघितलं, कडेच्या दोन सीट आहेत अजून. तू हो म्हणालास तर तिकिटं मी काढते. तू आज एकट्याने बघून आला असशील तर दुसरं काहीतरी बघू, तू सुचव.

रविवार जमत नसेल तर बुधवारी सात नंतर मी मोकळी आहे. आणि रविवारी घरी परत काही झालंच तर सकाळी आठच्या आत तुला फोन करेन, मेसेज नाही, फोन.

राग आला असेल तर तसं सांग, ठीक आहे म्हणू नकोस उगाच. ऐकून घेईन मी. आणि विचार करायला एखादा दिवस हवा असेल तरी चालेल, मी मागे लागणार नाही.

आत्ता पावणेअकराला परत तपासली, 128 आहे. बाबा झोपलेत, मी त्यांच्याच खोलीत खुर्चीवर बसलेय, पुढची तपासणी दोन वाजता. ते एक कानातलं अजून कानातच आहे, आत्ता हात लागला तेव्हा कळलं. जागा असशील आणि बोलावंसं वाटलं तर कधीही कर फोन, बाहेर जाऊन बोलेन. आवाज चालू करून ठेवलाय.