साखरपुडा झाला, सांगायला दोन आठवडे लागले

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, पप्पांच्या नावाने (शनिवार, ९ मे, सकाळी)

॥ श्री गणेशाय नमः ॥
॥ श्री कुलदैवत प्रसन्न ॥

सर्व आप्तेष्टांस सप्रेम नमस्कार.

आमची कन्या चि. सौ. कां. ऋतुजा हिचा साखरपुडा खानदेशातील चि. निखिल यांच्याशी रविवार, दि. २६ एप्रिल २०२६ रोजी आमच्या राहत्या घरी, दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांच्या उपस्थितीत पार पडला. व्याह्यांच्या घरी गेल्या मार्गशीर्षात आजोबांचे निधन झाल्याने कार्यक्रम मोजक्या माणसांत केला. ज्यांना त्या दिवशी बोलावता आले नाही त्यांनी राग मानू नये, आशीर्वाद द्यावेत. बहुतेकांशी फोनवर बोलणे झालेच आहे. कोणी राहिले असल्यास ती माझी चूक, मुलांची नाही.

उद्या मुले ही बातमी आपल्या पद्धतीने फेसबुकवर देणार आहेत. मजकूर मी वाचला आहे. फोटोत घरातील कोणाचाही चेहरा नाही. आपल्याकडे असलेले फोटो कृपया आपल्यापाशीच ठेवावेत.

लग्नाचे आमंत्रण आम्ही उभयता घरी येऊन देऊ.

फेसबुक, मुख्य मजकूर (रविवार, १० मे)

आमचा साखरपुडा झाला.

हे वाक्य गेले दोन आठवडे फोनमध्ये पडून होतं. आमच्या घरात बातमी सांगण्याचा क्रम ठरलेला आहे: आधी देवाला, मग मामाला, मग भावकीला आणि उरलेल्या जगाला सगळ्यात शेवटी. तुम्ही उरलेलं जग आहात. वाईट वाटून घेऊ नका, आमच्या ऑफिसचाही नंबर तुमच्याबरोबरच लागलाय.

पालीच्या खंडोबाला भंडारा वाहून झाला, सप्तशृंगीच्या गडावर नारळ फुटला. मग पप्पांनी वही काढली. कुणाला फोन झाला त्याच्यापुढे बरोबरची खूण. एका चुलत आजोबांचा फोन चार दिवस लागत नव्हता, म्हणून ही पोस्ट चार दिवस थांबली. शेवटी काका गाडी काढून त्यांच्या गावी गेले आणि पेढा हातावर ठेवून आले. आजोबांना फेसबुक म्हणजे काय तेही माहीत नाही. पण आपल्याला परस्पर कळलं नाही, एवढं त्यांना नक्की कळलं.

तर, मी ऋतुजा, साताऱ्याकडची. हा निखिल, खानदेशातला. आम्ही दोघंही पुण्यात नोकरी करतो. आडनावं, गावं, घरच्यांची नावं मुद्दाम लिहिलेली नाहीत. ज्यांना ती ठाऊक आहेत त्यांना सांगायची गरज नाही, आणि ज्यांना ठाऊक नाहीत त्यांचं त्यावाचून अडणार नाही.

निखिलचे आजोबा गेल्या मार्गशीर्षात गेले. लग्न वर्षाच्या आत करायचं की थांबायचं, यावर दोन्हीकडची मोठी माणसं एकदा बसली, दुसऱ्यांदा बसली. कुणी काही म्हणे, कुणी काही. निकाल दिला तो खानदेशच्या आजींनी. ज्यांचं दुःख सगळ्यात मोठं, त्याच म्हणाल्या, पोरांचं अडवू नका, ते असते तर त्यांनीच घाई केली असती. फक्त वाजंत्री नको, फटाके नकोत. आम्ही दोन्ही लावले नाहीत. स्पीकरही नव्हता. त्यामुळे झालं असं, की आत्यानं ओटी भरताना माझ्या कानात जे सांगितलं ते मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, निखिलच्या घरी आजोबांची घागर भरली. वर डांगर, सांजोरी, आंबे. आजींनी घागरीपुढे हात जोडून सगळं सांगितलं, पुढच्या रविवारी सातारला निघालोय, सून आणायचीय, असं. त्यानंतरच्याच रविवारी साखरपुडा झाला. अधिक महिना १७ मेला लागतोय, त्याच्या आत उरकून घ्या असं दोन्हीकडचं म्हणणं होतं. दोन्हीकडचं एकमत झालेली ती पहिली गोष्ट. (दुसरी: जेवणात गोड दोन हवेत.)

अधिक महिन्यावरून मित्रांनी निखिलला चिडवायला सुरुवात केलीच आहे. तेव्हा जाहीर करते, की तेहतीस अनारशांचा मान जावयाचा असतो आणि लग्नाआधी कुणी जावई नसतो. पुढचा अधिक मास २०२९ मध्ये, चैत्रात. धीर धर.

आता काही विनंत्या. यातली प्रत्येक ओळ कुणा ना कुणा मोठ्या माणसाची आहे, मी फक्त टाइप केली.

फोटोत आमच्या दोघांखेरीज कुणाचा चेहरा नाही. "फोटू टाकायचा तर टाक, पर माजं त्वांड नगं," असं आमच्या आज्जीनं बजावलंय. निखिलच्या बहिणीलाही नको आहे, आणि तिनं कारण द्यायची गरज नाही. लहान मुलांचे फोटो तर आम्हीच टाकणार नव्हतो. म्हणून जे तिथे होते त्यांनी प्रतिक्रियांमध्ये घरच्यांना टॅग करू नका, आपल्याकडचे फोटो जोडू नका, रील तर मुळीच नको. फोटो हवे असतील तर मला मेसेज करा, ज्यांच्या फोटोला ज्यांची हरकत नाही ते मी स्वतः पाठवीन.

आमचं कसं जमलं, हे इथे विचारू नका. लपवण्यासारखं काही नाही, पण आमच्या आयांना ती गोष्ट स्वतःच्या तोंडानं सांगायला आवडते आणि दोघींच्या गोष्टीत थोडा फरक आहे. तो आम्ही इथे मिटवायला बसलो तर दोघी नाराज होतील. भेटा, चहा घेऊ, तेव्हा तिसरी गोष्ट आमच्याकडून ऐका.

देण्याघेण्याचं, सोन्याचं, साडीच्या किमतीचं कुणी विचारू नये. ते ज्यांच्यात बोलायचं होतं त्यांच्यात बोलून संपलं.

तारीख आणि कार्यालयही विचारू नका. तुळशीचं लग्न लागल्यावर आमचं, एवढंच आत्ता सांगायची परवानगी आहे. पत्रिका हातात येईल, अक्षता घेऊन घरची माणसं येतील. ती येण्याआधी फोनवर बातमी फिरली तर त्यांच्या येण्याला काय अर्थ राहिला, असं पप्पा म्हणतात. यावर मी वाद घालून पाहिला. हरले. आणि खरं सांगू का, हरल्याचं वाईट वाटलं नाही.

आशीर्वाद मात्र भरपूर द्या. ते इथे दिलेले चालतील, पप्पांना विचारलंय.

ऋतुजा आणि निखिल

फोटोंखालच्या ओळी

१. साखरेचा पुडा. हल्ली चांदीच्या कागदात गुंडाळून, वर मोती लावून विकत मिळतो. हा मामींनी साध्या कागदाचा केलाय, घरात, आदल्या रात्री. पहिले दोन सुटले आणि साखर गॅलरीभर झाली. मुंग्यांनी कार्यक्रम आमच्याआधी साजरा केला.

२. उंबऱ्याबाहेरच्या चपला. चाळीस माणसं आली होती, हा त्यांचा ग्रुप फोटो. कोल्हापुरी कुणाची आणि स्पोर्ट्स शूज कुणाचे हे ओळखणाऱ्यांनी मनात ओळखा.

३. ओटी. नारळ, खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी. हात खानदेशच्या आजींचे. हा एकच फोटो त्यांना दाखवून, त्यांनी चष्मा लावून बघून, "हात चालतील" म्हटल्यावर टाकलाय.

४. फेटे, पाठीमागून. बांधणारा एकच होता, म्हणून पहिला फेटा आणि शेवटचा फेटा यांत अडीच तासांचं अंतर आहे.

५. अंगठी. बोटात अडकली. फोटोत साबणाचा फेस दिसतोय तो विधीचा भाग नाही.

६. पंगत. साताऱ्याचे कंदी पेढे, शेजारी खानदेशातून डब्यात घालून आणलेले खापरावरचे मांडे. दोन्हीकडच्या बायकांनी एकमेकींच्या पदार्थाचं भरपूर कौतुक केलं आणि आपापलं उरू दिलं नाही.

७. आम्ही. दोघांचे चेहरे दिसणारा एवढा एकच. मागे भिंतीवर आजोबांचा फोटो होता, हार घातलेला. तो आम्ही कापलेला नाही. तो कापू नका, असं निखिलचे वडील म्हणाले. त्या दिवशी ते तेवढं एकच वाक्य बोलले.

पोस्टखाली आमचीच पहिली प्रतिक्रिया

"सांगितलं नाहीस!" लिहिणाऱ्या सगळ्यांना एकच उत्तर: सांगितलं की, आत्ता. काही प्रतिक्रिया काढून टाकल्या तर रागावू नका, त्यात कुणाचं तरी नाव किंवा गाव आलं असेल. पुन्हा लिहा, नावाशिवाय.

आणि ज्या काकूंनी मला इनबॉक्समध्ये "मुलगा आपल्यातलाच ना?" असं विचारलंय, त्यांना: हो काकू, आता आपल्यातलाच आहे.

इन्स्टाग्राम

साखर झाली, पुडा झाला, दोन्ही घरांचा होकार झाला.
२६ एप्रिल २०२६.
मोजकी माणसं, मोठ्यांचे हात डोक्यावर, आणि भिंतीवरून बघणारे आजोबा.
फोटो एकच आहे, तो इथेच राहू द्या. पुढे पाठवू नका, स्टोरीला लावू नका.
तारीख? तुळशीला विचारा.

व्हॉट्सॲप स्टेटस, फक्त एक दिवस

ठरलं! मोठ्यांच्या आशीर्वादानं. फोन करा, पण दुपारी दोन ते चार नको, आज्जी झोपलेली असते आणि फोन तिच्या उशाशी असतो.

निखिलच्या आजींसाठी, त्यांच्या नातीनं वाचून दाखवायला

आजी, टाकलं बघा. तुम्ही म्हणालात, "आते सांग सगळास्ले," तसं सगळ्यांना सांगितलं. तुमचा चेहरा कुठेच नाही, हात आहेत. लोक विचारतायत, ओटी भरणाऱ्या बांगड्यांचे हात कुणाचे. मी अजून उत्तर दिलेलं नाही. तुम्ही सांगाल तसं लिहिते.