सूचना : वार्षिक सर्वसाधारण सभा पुढे ढकलल्याबाबत

जळगाव, दि. 30 जुलै 2025

सर्व सभासदांस,

रविवार, दि. 3 ऑगस्ट रोजी बोलावलेली आपल्या संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा पुढे ढकलण्यात आली आहे.

त्याच दिवशी कानबाईची स्थापना आहे. रोट भाऊबंदांनी एकत्र बसूनच खायचे, त्यामुळे बहुतेक घरं शनिवारीच गावाकडे निघतील. 48 पैकी 31 सभासदांनी येता येणार नाही असं कळवलं आहे. उरले 17, आणि कोरमला 20 हवेत.

कोरमअभावी तहकूब झालेली सभा नंतर कोरमशिवायही घेता येते, हे खरं. पण यंदा गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी प्रत्येक फ्लॅटमागे वर्गणी ठरवायची आहे. वरच्या मजल्यावर पावसात जिन्यात बादल्या ठेवाव्या लागतात. एवढा खर्च मोजक्या लोकांनी ठरवून बाकीच्यांवर टाकणं समितीला पटत नाही.

सभा आता रविवार, दि. 24 ऑगस्ट 2025 रोजी सकाळी 10 वाजता पार्किंगमध्ये होईल. तोवर पोळा झालेला असेल, गणपती बसायचे असतील. 30 सप्टेंबरच्या मुदतीतही आपण राहतो. विषयपत्रिका तीच आहे. हिशेब व लेखापरीक्षण अहवाल ऑफिसात रोज संध्याकाळी 7 ते 8 पाहता येईल. वॉटरप्रूफिंगची तिन्ही कोटेशनंही तिथेच आहेत, ती जरूर वाचून या.

24 तारखेला कुणाला अडचण असेल तर 5 ऑगस्टपर्यंत लेखी कळवावे. सर्वांना कानबाईच्या शुभेच्छा.

सचिव
व्यवस्थापक समितीच्या वतीने