वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना, रात्रीच्या आवाजाबद्दल

नमस्कार दादा, वहिनी,

मी खालून, ३०२ मधून लिहितेय. जिन्यात भेटल्यावर बोलावं असं मनात होतं, पण तिथे येणारे-जाणारे असतात आणि चारचौघांत हा विषय काढणं मला बरं वाटलं नाही. सोसायटीच्या ग्रुपवरही मुद्दाम टाकलेलं नाही. हा मेसेज फक्त तुम्हा दोघांसाठी आहे.

गेले काही आठवडे रात्री अकरानंतर तुमच्याकडचा आवाज आमच्या झोपायच्या खोलीत येतोय. बोलणं ऐकू येत नाही, गाण्याचे शब्दही कळत नाहीत (तेव्हा निर्धास्त असा, तुमच्या घरातलं काही आमच्या कानावर पडत नाही). येते ती स्पीकरची धमधम. त्यात भर म्हणजे खुर्च्या सरकवण्याचा आवाज, आणि बाराच्या सुमारास काहीतरी जड जमिनीवर ठेवल्याचा धप्प आवाज. डंबेल्स असावीत, असा आमचा अंदाज.

दादांची शिफ्ट उशिरा संपते, हे मला माहीत आहे. दिवसभर राबून आलेल्या माणसाला घरी आल्यावर तासभर मोकळं व्हावंसं वाटणारच, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण आमच्याकडे हे पहाटे साडेपाचला कामावर निघतात आणि सासूबाईंची झोप एकदा मोडली की पुन्हा लागत नाही. मग त्या अंधारात बसून राहतात आणि त्यांच्यासोबत मीही. हे आता रोजचंच झालंय.

तुम्ही मुद्दाम करताय असं आम्हाला अजिबात वाटत नाही. तुमच्या खोलीत तो आवाज मोठा वाटतही नसेल. बारीक आवाज भिंत बऱ्यापैकी अडवते, पण बास अडत नाही. त्यात स्पीकर थेट फरशीवर असेल तर स्लॅबच थरथरतो आणि आमचं छत वाजायला लागतं. खुर्चीचं आणि डंबेल्सचंही तेच. म्हणून नुसता व्हॉल्यूम कमी करून फारसं भागणार नाही.

माझं म्हणणं असं आहे. रविवार ते गुरुवार रात्री साडेदहानंतर बास पूर्ण बंद ठेवा, किंवा सरळ हेडफोन लावा. व्यायाम त्याआधी उरका. दादांना ती वेळ जमत नसेल, तर वजनं जमिनीवर टेकवावी लागणार नाहीत असे प्रकार रात्री करा. स्पीकर फरशीवरून उचलून जाड फोमवर किंवा भिंतीला न टेकणाऱ्या टेबलावर ठेवा, आणि खुर्च्यांच्या पायांना फेल्टच्या चकत्या चिकटवा. आम्ही आमच्या खुर्च्यांना लावल्या तेव्हाची काही पाकिटं उरली आहेत, आजच वर पाठवून देते. शुक्रवार-शनिवारी बारापर्यंत चालेल. कधी पाहुणे येणार असतील, वाढदिवस असेल, तर एक दिवस आधी कळवा, म्हणजे सासूबाईंची झोपायची सोय त्या रात्री पुढच्या खोलीत करता येईल.

ही विनंतीच आहे, पण “जमलं तर बघा” अशी नाही. आजपासूनच हे पाळलं जावं, अशी अपेक्षा आहे. पुन्हा आवाज आला तर मी आधी तुम्हालाच फोन करेन, कितीही वाजले असले तरी. तेवढा तो उचला. तरीही तेच चालू राहिलं, तर मात्र मला सोसायटीच्या कमिटीकडे लेखी द्यावं लागेल. ते तुमच्यापासून लपवून करणार नाही, अर्जाची प्रत आधी तुमच्या हातात देईन. तिथपर्यंत जायची वेळ येऊ नये, असं अगदी मनापासून वाटतं. सासूबाई पडल्या तेव्हा वहिनी हातातलं काम टाकून धावत खाली आल्या होत्या, हे घरात कोणीच विसरलेलं नाही.

आणखी एक. तुम्ही उशिरा झोपता, म्हणजे आमची पहाटेची गडबड तुमच्या झोपेत येत असणार. मिक्सर, दाराची कडी, बाथरूममधली बादली, यातलं काहीही त्रासदायक होत असेल तर संकोच न करता सांगा. मिक्सर सातनंतर लावायला मला काहीच अडचण नाही.

साडेदहाची वेळ दादांच्या शिफ्टमुळे खरंच अवघड असेल, तर आपण बसून बोलू. पंधरा-वीस मिनिटं इकडेतिकडे चालतील, पण अकराच्या पुढे नाही. रविवारी सकाळी दहानंतर मी घरीच आहे. तुम्ही खाली या, नाहीतर मी वर येते. कसं सोयीचं पडेल ते उद्या संध्याकाळपर्यंत कळवा.

३०२ मधली ताई